हात कामाला लागले की आवाज बंद पडतो: उकडीच्या मोदकांच्या लाईव्ह डेमोतला दरवर्षीचा प्रॉब्लेम

आधी प्रॉब्लेम सांगते. मी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीच्या आधीच्या रविवारी उकडीच्या मोदकांचा डेमो करते. समोर पंचवीस-तीस जण असतात, शिवाय ट्रायपॉडवर फोन लावून लाईव्ह पण असतं कारण बऱ्याच जणींच्या मुली-सुना बाहेरगावी आहेत आणि त्यांना तिथून बघत बघत करायचं असतं. सुरुवात छान होते. पिठी कुठली घ्यायची, पाणी किती, मीठ आणि तूप कधी, सगळं व्यवस्थित बोलते. मग उकड परातीत आली की बोलणं तुटक व्हायला लागतं आणि पारी करून चुण्या घालायला घेतल्या की जवळजवळ बंदच पडतं. मधूनमधून "हे बघा, असं घ्यायचं, मग असं, की झालं" एवढंच. मोदक तयार होतो, सगळे छान छान म्हणतात आणि लगेच मागच्या रांगेतून आवाज येतो, ताई परत एकदा दाखवा ना, कळलं नाही. परत दाखवते, परत तेच. सलग तीन वर्षं हेच झालं.

मला वाईट याचं वाटायचं की चुण्या हाच तर एकमेव भाग आहे ज्याच्यासाठी लोक डेमोला येतात. सारण काय, कोणीही पुस्तकात वाचून करेल.

पहिला संशय माईकवर गेला. म्हटलं खाली मान घालून बोलते म्हणून ऐकू जात नसेल. म्हणून कॉलरला लावायचा छोटा वायरलेस माईक आणला. त्याने फरक पडला पण मूळ प्रॉब्लेम तसाच राहिला, उलट आता माझं "असं, असं" शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू जायला लागलं. तरी माईकचं जे शिकले ते इथेच सांगून टाकते. साडी नेसली असेल तर माईक पदराला लावू नका, कापड हललं की खसखस येते. एप्रनच्या पट्ट्याला छातीच्या मध्यापासून थोडा एका बाजूला लावा, म्हणजे परातीत बघायला मान खाली गेली तरी हनुवटी बरोबर माईकवर येत नाही. हातातल्या बांगड्या काढून ठेवा आणि परातीखाली ओलं फडकं घाला, स्टीलची परात ओट्यावर सरकली की तो आवाज तुमच्या वाक्यावर बसतो. एक्झॉस्ट फॅन बोलताना बंद. ब्लूटूथचा माईक असेल तर आधी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवून रेकॉर्डिंग बघा. टाळी दिसल्यानंतर आवाज येत असेल तर तुमचा प्रत्येक शब्द हाताच्या मागे पडणार, मग वायरचा माईक बरा. माईकचं एवढंच.

खरं कारण कसं सापडलं ते सांगते, आणि हीच टेस्ट तुम्ही पण आधी करा म्हणजे तुमचं नक्की कुठे अडतंय ते कळेल. मागच्या डेमोचं रेकॉर्डिंग लावलं आणि फोन पालथा घातला. फक्त आवाज ऐकायचा, चित्र नाही. हातात वही पेन, आणि जे ऐकू येतं तेवढंच लिहून काढायचं, आपल्याला माहीत आहे म्हणून मधलं भरायचं नाही. उकडीपर्यंत माझी दीड पानं भरली. मळण्याच्या भागात चार ओळी. आणि चुण्यांच्या साधारण सहा मिनिटांत माझ्या वहीत काय होतं तर "असं" एकतीस वेळा, "थोडंसं" नऊ वेळा, "हलक्या हाताने" पाच वेळा, आणि एक अख्खं पाऊण मिनिट काहीच नाही. बोटाचं नाव एकदाही नाही. कडा, तळ, आत, बाहेर यातला एकही शब्द नाही. ज्या बाईला मोदक येत नाही तिला यातून काय कळणार होतं?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक अडकलेल्या होत्या आणि त्या सुट्या केल्याशिवाय उपाय चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली म्हणजे श्वास. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि तळहाताच्या टाचेने दाबून मळावी लागते. जोर लावताना आपण नकळत श्वास धरून ठेवतो, घसा बंद होतो, आणि तेव्हा बोलायला गेलं की शब्द तुटक येतो किंवा वाक्याचा शेवट गिळला जातो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मळतानाची सगळी वाक्यं क्रियापदाच्या आधीच संपलेली होती! "पाण्याचा हात लावून चांगली..." आणि पुढे काही नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे करायचं काय हा शब्दच गेला. याची खूण सोपी आहे, वाक्यांच्या शेपट्या गायब असतील तर तुमचा प्रॉब्लेम श्वासाचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताला येतं ते तोंडाला येत नाही. मी पंचवीस-तीस वर्षं मोदक करतेय, सासूबाईंच्या हाताकडे बघून शिकले, त्यांनीही कधी शब्दांत सांगितलं नाही. हाताला इतकी सवय झालेली असते की कोणतं बोट आत आणि कोणतं बाहेर हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. म्हणून "असं". याची खूण अशी की "असं" तुम्ही बरोबर सगळ्यात अवघड जागी म्हणता, सोप्या जागी नाही. पाणी ओतताना मी एकदाही "असं" म्हटलेलं नव्हतं.

तिसरी आणि मला वाटतं सगळ्यात मोठी म्हणजे वेळ. मी सगळं बोलणं त्या त्या क्षणी करायला बघत होते, हात आणि तोंड एकाच वेळी. पण उकडीत काही क्षण असे आहेत की तिथे बोलायला जागाच नाही. उकळत्या पाण्यात पिठी घातली की अर्ध्या मिनिटाच्या आत ढवळून झाकण पडलं पाहिजे, नाहीतर गुठळ्या. तिथे पूर्ण वाक्य बोलत बसलात तर एकतर वाक्य अर्धं राहतं किंवा उकड बिघडते. आणि त्याच वेळी बाकी मोदकात थांबायची जागा भरपूर आहे, पाणी उकळेपर्यंत चार-पाच मिनिटं, उकड झाकलेली असताना सात-आठ मिनिटं, शेवटी वाफ येते ती दहा-बारा मिनिटं. तिथे मी काय करत होते? मंडईत हळदीची पानं किती महाग झाली ते सांगत होते. म्हणजे हात रिकामे तेव्हा इकडचं तिकडचं आणि हात भरलेले तेव्हा कामाचं, नेमकं उलटं.

आता उपाय. मी एक कागद घेतला आणि एक वाटी पिठीच्या मोदकांचं सगळं काम त्यावर उतरवलं, आणि प्रत्येक कामासमोर लिहिलं की इथे हात थांबवता येतो का नाही. कृतीच लिहिते म्हणजे कळेल. एक वाटी पाणी, त्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, उकळायला ठेवलं. इथे हात मोकळे. उकळी आल्यावर गॅस बारीक, एक वाटी तांदळाची पिठी, भराभर ढवळणं, झाकण. इथे थांबता येत नाही. मंद गॅसवर दोन-तीन मिनिटं वाफ, मग गॅस बंद आणि झाकण न काढता पाच मिनिटं. मोकळे. परातीत काढून मळणं, पाण्याचा आणि तुपाचा हात लावत, पाच मिनिटं तरी. थांबता येत नाही पण मध्ये मध्ये श्वास घेता येतो. गोळा, पारी, चुण्या. एका मोदकाच्या मध्ये थांबता येत नाही पण दोन मोदकांच्या मध्ये हवं तेवढं थांबता येतं. मग मोदकपात्र, दहा-बारा मिनिटं, मोकळे.

एवढं झाल्यावर नियम आपोआप निघाला. जिथे थांबता येत नाही त्याचं सगळं बोलणं त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत न्यायचं. म्हणजे पाणी उकळत असताना मी पिठी कशी घालायची ते पूर्ण सांगते, रिकाम्या हाताने उलथनं फिरवून सुद्धा दाखवते: आता उकळी येईल, मी गॅस बारीक करेन, पिठी एकदम घालेन, उलथन्याच्या दांड्याने तळापासून ढवळेन, कोरडी पिठी दिसेनाशी झाली की लगेच झाकण, तेव्हा मी फार बोलणार नाही, तुम्ही फक्त बघा. मग प्रत्यक्षात करताना फक्त पाच शब्द, "गॅस बारीक. पिठी. ढवळतेय. झाकण." आणि झाकण पडल्यावर काय दिसायला हवं होतं ते सांगते, की पिठी सगळी ओली झाली पण अजून गोळा झालेला नाही, थोडी खडबडीत दिसते, ते बरोबरच आहे. म्हणजे आधी काय करणार ते, करताना नुसती नावं, आणि झाल्यावर खूण. एकच स्टेप तीनदा ऐकू येते पण कंटाळा येत नाही कारण तीनही वेळा वेगळं सांगितलेलं असतं.

मळण्याला थोडं वेगळं करावं लागलं. तिथे मी दोन दाबांच्या मध्ये बोलते, दाबताना नाही. दाबायचं गप्प राहून, पीठ घडी घालून परत मध्ये आणताना बोलायचं, तेव्हा हात हलका असतो आणि श्वास सुटलेला असतो. आणि क्रियापद पुढे आणते. "मळायची, गरम असतानाच." "लावायचा पाण्याचा हात, चटका बसतो म्हणून." बोलीत आपण असं बोलतोच, आणि शेपूट गिळली गेली तरी काम कळतं. पहिल्यांदा करताना विचित्र वाटतं, दोन-तीनदा केलं की सवय होते.

आता चुण्या. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एका संध्याकाळी एकटी बसले, एक पारी केली, आणि एक चुणी घालून तिथेच हात थांबवला, बोटं तशीच ठेवून. मग बघितलं कोण कुठे आहे, आणि मोठ्याने नाव घेतलं. एका चुणीला असे पाच-सहा वेळा थांबले तेव्हा कुठे शब्द मिळाले. माझी पद्धत अशी निघाली की मधलं बोट पारीच्या आत, कडेला टेकलेलं, आणि अंगठा आणि पहिलं बोट बाहेरून, त्या मधल्या बोटाच्या दोन बाजूंना. मधलं बोट आतून बाहेर ढकलतं आणि बाहेरची दोन बोटं ते पीठ चिमटीत धरतात, मग मधलं बोट काढून घ्यायचं आणि चिमटी घट्ट करायची. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझं मधलं बोट हे काम करतं. तुमच्या हाताचं वेगळं असू शकेल, काही जणी दोनच बोटांनी घालतात, पण तुमच्या बोटांची नावं तुम्हाला माहीत हवीत.

आधी माझं बोलणं कसं होतं ते वर दिलंच आहे. आता मी हे बोलते, जसंच्या तसं लिहितेय:

"गोळा लिंबाएवढा घेतलाय. एकदा परत मळून घेतला, भेग नाही. आता गोळा एका हाताच्या तळव्यावर, हा धरणारा हात. दुसऱ्या हाताचे दोन्ही अंगठे नाहीत, एकच अंगठा गोळ्याच्या मध्ये दाबला, खड्डा झाला. अंगठा आत, बाकी चार बोटं बाहेर, आणि फिरवत फिरवत कडा पातळ करतेय. तळ जाड ठेवायचा, कडा पातळ. तळाला पहिल्या बोटाने दाबून बघा, खालच्या हाताचा तळवा जाणवला तर फार पातळ झालं. छोट्या वाटीसारखी झाली, ही पारी. आता थांबते. बोटं तुपाच्या वाटीत बुडवली. पहिली चुणी: मधलं बोट आत, अंगठा आणि पहिलं बोट बाहेर. आतून ढकललं, बाहेरून चिमटीत धरलं, मधलं बोट काढलं, चिमटी दाबली. चिमटी कडेपासून सुरू आणि अर्ध्या उंचीपर्यंत खाली. एक. पारी फिरवली, एक बोट मावेल एवढी जागा सोडली. आत, बाहेर, ढकला, धरा, काढा, दाबा. दोन."

तिसऱ्या चुणीपासून फक्त "ढकला, धरा, काढा, दाबा, तीन", "ढकला, धरा, काढा, दाबा, चार" असं चालतं, आणि हाताला त्याचा ठेका मिळतो. पाचव्या-सहाव्या चुणीपर्यंत समोरच्या बायका पण तोंडाने म्हणायला लागतात. हे चार शब्द मुद्दाम दोन-तीन अक्षरांचे निवडले आहेत. आधी "चिमटी सोडून मधलं बोट बाहेर घ्यायचं" असं दरवेळी म्हणत होते, तेव्हा हात पुढे जायचा आणि शब्द मागे राहायचे.

वरच्या बोलण्यात एक वाक्य जरा वेडंवाकडं आलंय, "दोन्ही अंगठे नाहीत, एकच", ते मुद्दाम ठेवलंय कारण लोक खरंच दोन्ही अंगठे घालतात आणि गोळा फाटतो. डेमोत काय करू नका हे सांगायचं असेल तर ते करण्याच्या आधी सांगा, नंतर नाही, नंतर सांगितलं तोवर घरी बघणाऱ्यांचा गोळा फाटलेला असतो.

डावा-उजवा हा शब्द मी पूर्ण सोडला. समोर बसलेल्यांना माझा उजवा हात त्यांच्या डावीकडे दिसतो. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात तर स्वतःला उलटं दिसतं आणि बघणाऱ्यांना बऱ्याचदा सुलटं, त्यामुळे आपण नक्की काय दाखवतोय तेच कळेनासं होतं. वर डावखुऱ्या मुली असतात त्यांना सगळंच उलटं करावं लागतं. म्हणून "धरणारा हात" आणि "चुण्या घालणारा हात". फिरवायची दिशा सांगताना सुद्धा "तुमच्या अंगठ्याकडे" किंवा "अंगठ्यापासून लांब" म्हणते. हा बदल सगळ्यात छोटा होता आणि प्रश्न सगळ्यात जास्त यानेच कमी झाले.

आता एक अडचण अशी जी बोलण्यामुळेच तयार होते, आणि ती मला पहिल्या सुधारलेल्या डेमोत आली. सगळं नीट बोलत होते, एका पारीला तीन-साडेतीन मिनिटं लागली, आणि चौथ्या चुणीला कड तडकली. लोकांना वाटलं पिठी जुनी आहे. तसं नव्हतं. उघडी उकड पंख्याखाली फार लवकर वरून सुकते, आणि मी बोलत होते तेवढा वेळ पारी हातात उघडी होती. एरवी माझा मोदक मिनिटा-दीड मिनिटात होतो म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. कशावरून ओळखायचं? पिठी किंवा पाण्याचा दोष असेल तर गोळा करतानाच भेगा दिसतात, पारी करायलाही त्रास होतो. बोलण्याने सुकलं असेल तर पारी गुळगुळीत होते आणि फक्त कड, तीही दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटानंतर, तडकते.

त्यावर तीन गोष्टी केल्या. हॉलचा माझ्या डोक्यावरचा पंखा बंद. उरलेली उकड ओल्या पंचाखाली, एका वेळी एकच गोळा बाहेर. आणि पहिला मोदक मी आता बोलून दाखवण्यासाठी धरते, देवापुढे ठेवण्यासाठी नाही, म्हणजे त्याची कड तडकली तर तडकू दे, त्या पारीचा परत गोळा करते, पाण्याचा हात लावून मळते आणि मळताना सांगते की तडकलं तर हे करायचं. सारण भरायच्या आधी तडकलं तरच हे जमतं, सारण लागलं की तो गोळा परत एकसारखा होत नाही. म्हणून माझ्या पहिल्या बोलक्या मोदकात सारण भरतच नाही. चुण्या घालून रिकामाच सगळ्यांना दाखवते, वरून आत बघता येतं, चुण्या कुठपर्यंत उतरल्यात ते दिसतं. दुसरा मोदक सारण भरून, तोवर हात आणि आवाज दोन्ही लयीत आलेले असतात.

प्रश्नांचं पण ठरवून घ्यायला लागलं. लाईव्हवर कोणीतरी विचारतं गूळ किती, आणि माझी सातवी चुणी चालू असते. उत्तर दिलं की चुणी विसरते, नाही दिलं की वाईट दिसतं. आता माझी जाऊबाई फोनजवळ बसते आणि प्रश्न वहीत लिहिते, मला तेव्हा सांगत नाही. प्रश्नांच्या वेळा मी सुरुवातीलाच जाहीर करते: उकड झाकली की एकदा, आणि मोदकपात्राचं झाकण पडलं की दुसऱ्यांदा. समोरचं कोणी मध्येच विचारलंच तर मी आधी आकडा मोठ्याने म्हणते, "सात झाल्या", मग उत्तर देते, मग "सात झाल्या, आता आठवी". आकडा बोलला नाही तर मी तर विसरतेच पण घरी बघत करणाऱ्याचाही धागा तुटतो.

हे सगळं बसल्यावर खात्री करायची होती. म्हणून भाच्याला बोलावलं, तो इथेच हॉस्टेलवर असतो आणि त्याने आयुष्यात पोळी सुद्धा लाटलेली नाही. त्याला पलीकडच्या खोलीत मळलेली उकड, तुपाची वाटी आणि एक ताटली देऊन बसवलं, दार अर्धवट उघडं, मी दिसत नव्हते, फक्त आवाज. त्याला सांगितलं की तुला जे ऐकू येईल तेच कर, हुशारी करू नको.

पहिल्या वेळी त्याच्या सगळ्या चुण्या आतल्या बाजूला वळलेल्या होत्या. मी "चिमटी काढा" म्हटलं होतं आणि कुठल्या बाजूने ते म्हटलंच नव्हतं, त्याने आतून चिमटी काढली, त्याचं काही चुकलं नाही. तेव्हा "मधलं बोट आत, अंगठा आणि पहिलं बोट बाहेर" हे वाक्य आलं. दुसऱ्या वेळी चुण्या बाहेर आल्या पण फक्त कडेला, पुरीच्या काठाला मुरड घालावी तशा, खाली उतरल्याच नाहीत, त्यामुळे तोंड मिटायला गेला तर वर सगळा गठ्ठा जमा झाला. म्हणून "कडेपासून अर्ध्या उंचीपर्यंत खाली". तिसऱ्या वेळी नऊ चुण्यांचा मोदक झाला, जरा तिरका, पण मोदक. प्रत्येक वेळी तो जिथे चुकला तिथे माझ्या बोलण्यात एक शब्द कमी होता, आणि तो शब्द मला स्वतःला रेकॉर्डिंग ऐकून कधीच सापडला नसता. कारण मला माहीत होतं ना.

तोंड मिटण्याचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. सध्या मी म्हणते, "धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची बांगडी करा, मोदक त्या बांगडीत, दुसऱ्या हाताने खालून फिरवत बांगडी हळूहळू लहान करा, सगळ्या चुण्या एकाच दिशेला झुकतील, वर जे जास्तीचं पीठ येईल त्याचं टोक काढा." भाच्याने हे तीनदा ऐकून दोनदा बरोबर केलं. एकदा बांगडी फार जोरात आवळली आणि सारण वर आलं. किती आवळायचं याला शब्द मिळत नाहीये. कोणी यासाठी काही म्हणत असेल तर सांगा.

आणि उकड किती मऊ हवी हे तर नुसत्या आवाजाने सांगता येत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हॉलमध्ये मी मळलेल्या उकडीचा छोटा गोळा ताटलीतून सगळ्यांकडे फिरवते, दाबून बघा म्हणते, तो गोळा परत वापरत नाही. लाईव्हवाल्यांना "कानाच्या पाळीएवढं मऊ" सांगते, ते बऱ्यापैकी चालतं कारण कान प्रत्येकाजवळ आहे आणि हात धुऊन लगेच दाबून बघता येतो. दुसरी खूण डोळ्यांना दिसणारी देते, गोळा दोन तळव्यांत दाबल्यावर कडेला भेग पडली तर अजून पाण्याचा हात लावून मळा, तळव्याला चिकटून राहिला तर पाणी जास्त झालंय, तुपाचा हात लावा आणि पुढच्या वेळी पिठीला पाणी चमचाभर कमी घ्या. जुन्या तांदळाची पिठी पाणी जास्त ओढते, म्हणून वाटीला वाटी हे माप मी सांगते पण त्याच दमात हेही सांगते. मुळशीकडचा आंबेमोहर धुऊन सावलीत वाळवून दळून आणला असेल तर माझं तरी वाटीला वाटी बरोबर बसतं.

शेवटच्या वाफेच्या दहा-बारा मिनिटांत आता हळदीच्या पानांचे भाव सांगत नाही. त्या वेळात मी परत एक पारी घेते, सारणाशिवाय, आणि नुसतं "ढकला, धरा, काढा, दाबा" म्हणत सावकाश अकरा चुण्या घालते, लाईव्हवाल्यांना पण म्हणते तुमचा गोळा घ्या आणि माझ्याबरोबर करा. मग झाकण काढायच्या आधी खूण सांगते, ओल्या बोटाने मोदकाला हात लावला आणि पीठ बोटाला चिकटलं नाही, वर चकाकी आली, म्हणजे झाला. झाकण काढल्यावर वाफेने फोनची काच धूसर होते आणि मिनिटभर कोणाला काही दिसत नाही, म्हणून तेवढी खूण आधीच बोलून झालेली बरी.